सोयाबीनवाल्यांच्या कंपनीसाठी चॅटबॉट: कागदातलंच उत्तर, बोलीतल्या मराठीत कसं द्यायचं

गेल्या दोन हंगामांत तीन-चार शेतकरी उत्पादक कंपन्यांनी बॉट बनवलेले मी बघितले आणि सगळीकडे चूक तीच. आधी बॉट उभा करतात, मग त्यात विद्यापीठाच्या पीडीएफ टाकतात, मग म्हणतात मराठी जड येतेय, जरा सोपी कर. क्रम उलटा आहे. आधी शेतकऱ्याचे प्रश्न गोळा व्हायला पाहिजेत, मग कागद साफ व्हायला पाहिजे, मग दोन्हींचे शब्द जुळायला पाहिजेत, आणि बॉटची भाषा हे काम त्यानंतरचं. खाली सोयाबीनचं उदाहरण धरून सांगतोय कारण मी त्यातच काम केलंय, कापूस किंवा कांद्याला पण क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: प्रश्न गोळा करा, आपल्या मनाने लिहू नका

कंपनीच्या ऑफिसात फोन येतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आणि व्हॉइस नोट येतात. त्यातले किमान दोनशे प्रश्न जसेच्या तसे एका शीटमध्ये उतरवा. शुद्धलेखन दुरुस्त करू नका, वाक्य नीट करू नका. "सोयाबीनला आळी पडली पान चाळणी केले काय मारू" असं आलं असेल तर तसंच लिहा, कारण बॉटला उद्या हेच येणार आहे. "सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळीचे व्यवस्थापन कसे करावे" असं कुणीच विचारणार नाही, आणि बहुतेक जण टेस्ट मात्र याच वाक्यावर करतात आणि खूश होतात.

प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने ठेवा: याचं उत्तर कुठल्या कागदात आहे, आणि हा प्रश्न बॉटने घ्यायचा की माणसाकडे द्यायचा. विषबाधा, कर्जाची वसुली, कुणाच्या पिकाची नुकसानभरपाई किती येईल, हे बॉटने घ्यायचंच नाही. फवारताना चक्कर आली, उलटी झाली असं काही आलं तर एकच ठरलेलं उत्तर: काम थांबवा, १०८ ला फोन करा, औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल दवाखान्यात सोबत न्या. हे उत्तर मॉडेलला तयार करू देऊ नका, आधीच लिहून ठेवा आणि ते शब्द दिसले की थेट पाठवा.

तपासा: दोनशेपैकी निदान तीस-चाळीस प्रश्न असे निघतील ज्यांचं उत्तर तुमच्याकडच्या कुठल्याच कागदात नाही. ते फेकू नका, टप्पा ७ मध्ये लागणार आहेत.

## टप्पा २: कागद निवडा, आणि प्रत्येकावर तारीख टाका

सोयाबीनसाठी तुमच्या भागाच्या विद्यापीठाचं साहित्य पहिलं घ्या. मराठवाड्यात परभणी, विदर्भात अकोला, पश्चिम महाराष्ट्रात राहुरी. त्याच्यासोबत इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचे सल्ले, कृषी विभागाची पत्रकं, योजनांसाठी शासन निर्णय. औषधांसाठी केंद्रीय कीटकनाशक मंडळाची मंजूर वापराची यादी, म्हणजे कुठलं औषध कुठल्या पिकावर कुठल्या किडीसाठी चालतं ते. यूट्यूबवरचे व्हिडिओ, दुकानदारांचे मेसेज, कंपनीवाल्यांची रंगीत पत्रकं नकोत, त्यातली माहिती कितीही बरोबर वाटली तरी.

आता तारखेचं. जुन्या पुस्तिकांमध्ये चक्रीभुंग्यासाठी ट्रायझोफॉस सापडतं. या औषधावर २०२० संपताना देशात पूर्ण बंदी आली. तुमच्या बॉटमध्ये २०१६ ची पुस्तिका पडली असेल तर तो अगदी खात्रीने, छान मराठीत, बंद झालेलं औषध सांगेल आणि खाली विद्यापीठाचं नाव पण लावेल. पीक विम्याचं तसंच. खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता, खरीप २०२५ पासून ती सवलत गेली आणि खरीप सोयाबीनला २ टक्के हप्ता आला. जुने आणि नवे दोन्ही शासन निर्णय आत असतील तर बॉटला जो आधी सापडेल तो तो सांगतो.

म्हणून प्रत्येक कागदाला चार गोष्टी जोडा: कुणी काढला, कधी काढला, कधीपर्यंत चालेल, आणि कंपनीतल्या कुठल्या माणसाने तो वाचून होकार दिला. शासन निर्णय घेताना "अधिक्रमित" हा शब्द शोधा. नव्या निर्णयात तो दिसला की कुठला जुना निर्णय काढून टाकायचा ते तिथेच लिहिलेलं असतं.

सावधान: औषधांच्या शिफारशी एका माणसाने एकदा केंद्रीय यादीशी ताडून बघायच्याच. ज्या औषधाला त्या पिकावर मंजुरी नाही ते पुस्तिकेत असलं तरी बॉटमध्ये जाणार नाही. हे काम कृषी पदवीधराकडे द्या, संगणकवाल्याकडे नको.

## टप्पा ३: अक्षरं वाचता येतायत का ते बघा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि त्यांना कळतही नाही की अडकलोय. पीडीएफ स्क्रीनवर सुंदर मराठीत दिसते, पण त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. `lks;kchu` असं काही आलं तर ती फाइल जुन्या कृतीदेव फाँटमध्ये आहे, हे "सोयाबीन" लिहिलंय पण संगणकाला ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. दुसऱ्या जुन्या फाँटमध्ये नुसते `É É` दिसतात. अशा फाइलमधून बॉटला काहीच सापडत नाही, आणि सापडत नाही म्हटल्यावर सैल सोडलेला बॉट स्वतःच्या मनाने सांगायला लागतो.

फाँट ओळखू आला तर कन्व्हर्टरने युनिकोड करा. नाही आला, किंवा कागद स्कॅन केलेला असेल, तर पानाचं ३०० डीपीआयचं चित्र काढून त्यावरून मजकूर वाचून घ्या:

```
tesseract pan12.png pan12 -l mar --psm 4
```

साधा मजकूर यातून बऱ्यापैकी येतो. पण तक्ते येत नाहीत, म्हणजे येतात पण रकाने एकमेकांत मिसळतात, आणि दशांश चिन्ह गळतं, २.५ चं २५ होतं. औषधाच्या मात्रेत हे म्हणजे दहापट. तेव्हा औषधांचे, खतांचे, बियाण्याचे तक्ते हाताने टाइप करा, दोन जण बसा, एकाने छापील पानावरून मोठ्याने वाचायचं दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. वीस-पंचवीस पानांचं काम आहे, दोन दिवस लागतात, हे दोन दिवस वाचवू नका.

मग एकसारखं करणं. "शेतकऱ्यांना" हा शब्द दोन पद्धतीने टाइप होतो, दिसायला सारखा पण आतून वेगळा, एकात ऱ असतो आणि दुसऱ्यात र च्या पायमोडीनंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. ते चिन्ह काही जण सरसकट काढून टाकतात, मग "शेतकर्यांना" होतं आणि तो तिसराच शब्द तयार होतो. आधी बदला, मग काढा:

```python
import re, unicodedata
ANK = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")

def saaf(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t).translate(ANK)
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return t.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
```

हेच शेतकऱ्याच्या प्रश्नालाही लावायचं. कागद साफ केला आणि प्रश्न तसाच सोडला तर उपयोग नाही.

## टप्पा ४: तुकडे पाडताना तळटीप सोडू नका

बॉट पूर्ण पुस्तिका वाचत नाही, तिचे तुकडे करून ठेवलेले असतात आणि प्रश्नाशी जुळणारे दोन-चार तुकडे उचलून त्यावरून उत्तर तयार होतं. तयार सॉफ्टवेअर हे तुकडे अमुक इतक्या अक्षरांवर कापतं. आता विद्यापीठाच्या फवारणीच्या तक्त्याखाली बहुतेक वेळा एक ओळ असते, की ही मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर स्प्रेला तिप्पट घ्यावी. ती ओळ पानाच्या तळाशी, म्हणजे दुसऱ्याच तुकड्यात. बॉटला तक्त्यातली ओळ मिळते, तळटीप मिळत नाही. पेट्रोलवरचा पॉवर स्प्रे असलेल्याला तो साध्या पंपाची मात्रा सांगतो, पॉवर स्प्रेला एकरी पाणी कमी लागत असल्यामुळे रानात औषध तिसरा हिस्साच जातं, अळी मरत नाही आणि शेतकरी म्हणतो औषध बोगस निघालं.

त्यामुळे तक्त्याची एक ओळ म्हणजे एक तुकडा, आणि प्रत्येक तुकडा स्वतःत पूर्ण:

```
पीक: सोयाबीन | कीड: उंटअळी
औषध: क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी
मात्रा: 3 मिली / 10 लिटर पाणी
पंप: साधा (हाताचा, बॅटरीचा)
पॉवर स्प्रे: मात्रा तिप्पट
स्रोत, पान, वर्ष: ...
```

तळटीप प्रत्येक ओळीत परत लिहायची, कंटाळा आला तरी. पीक आणि किडीचं नाव पण प्रत्येक तुकड्यात हवंच, नाहीतर हरभऱ्याच्या घाटेअळीची मात्रा सोयाबीनला चिकटते.

## टप्पा ५: शेतकऱ्याचा शब्द आणि कागदाचा शब्द यांची जोडी लावा

टप्पा १ च्या शीटमधून एक शब्दयादी काढा. कागदात "प्रादुर्भाव" असतो, माणूस म्हणतो "पडली", "आली", "लागली". कागदात "बीजप्रक्रिया", माणूस म्हणतो "बियाण्याला औषध चोळायचं". कागदात "उगवणपश्चात तणनाशक", माणूस म्हणतो "गवत उगवल्यावर मारायचं". आकड्यांचीही यादी करा: सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५, साडेतीन ३.५. पावणेदोन एकराचे दोन एकर करणारे मॉडेल मी स्वतः बघितलेत.

शोधायला फक्त शब्द जुळवणारा शोध ठेवला तर "सोयाबीनवरच्या" आणि "सोयाबीन" जुळत नाहीत. फक्त अर्थावरून शोधणारा ठेवला तर औषधाचं नाव चुकीचं जुळतं. दोन्ही एकत्र लावा. अर्थाच्या शोधासाठी `multilingual-e5` घेतलं असेल तर प्रश्नाआधी `query: ` आणि तुकड्याआधी `passage: ` लिहावं लागतं, हे विसरलं की शोध कमजोर होतो आणि कारण सापडत नाही.

पण सगळेच शब्द सरळ जोडता येत नाहीत आणि इथे जरा थांबून विचार करा. "सोयाबीन पिवळं पडलंय" याला बऱ्याच जणांनी थेट पिवळा मोझॅक जोडला. पिवळा मोझॅक विषाणूचा, पांढऱ्या माशीने पसरणारा, त्यात पानावर हिरवे-पिवळे चट्टे येतात आणि रानात इकडेतिकडे झाडं दिसतात. आणि चुनखडीच्या जमिनीत किंवा पाणी साचल्यावर लोह मिळत नाही, तेव्हा पण सोयाबीन पिवळं पडतं, फक्त त्यात वरची नवी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. एकात झाड उपटून टाकायचं आणि माशीचा बंदोबस्त करायचा, दुसऱ्यात पाणी साचलं असेल तर ते काढून द्यायचं. दोन्हींना शेतकरी एकच शब्द वापरतो. अशा शब्दांपुढे "उलट प्रश्न विचार" अशी खूण करा आणि प्रश्न ठरवून ठेवा: "वरची नवी पानं पिवळी आहेत का सगळीच? शिरा हिरव्या दिसतात का? पाणी साचलंय का?"

अळीचं तसंच. अळी म्हटलं की औषध सांगायचं नाही, आधी अळी कशी चालते, पाठ उंच करून चालते का, एका मीटर ओळीत किती दिसतात, आणि पंप कोणता. तीनपेक्षा जास्त प्रश्न विचारू नका, चौथ्याला माणूस बॉट सोडून दुकानात जातो.

## टप्पा ६: आता भाषा, आणि आकड्यांना कुलूप

इथपर्यंत आल्यावर मॉडेलला सूचना लिहा. छोट्या ठेवा:

```
फक्त खाली दिलेल्या तुकड्यांतून उत्तर दे.
तुकड्यात नसेल तर लिही: "हे माझ्याकडच्या कागदात नाही,
कंपनीच्या ऑफिसात विचारा."
औषधाचं नाव, आकडा, एकक जसंच्या तसं ठेव. हिशोब करू नको.
तुम्ही म्हणून बोल. एका वाक्यात एकच काम सांग.
"करावे, करण्यात यावे" नको; "करा" लिही.
शेवटी स्रोत आणि वर्ष.
```

सोपी मराठी म्हणजे गावरान नक्कल नाही. लातूरचा माणूस "करायलोय" म्हणतो आणि वर्ध्याचा "करून राहिलो", बॉटला दोन्ही समजलं पाहिजे पण बोलायचं त्याने साधं. बॉट बोलीची नक्कल करायला लागला की माणसाला वाटतं आपली थट्टा चाललीय.

दुसरा त्रास म्हणजे हिंदी. बरीच मॉडेल मराठीत लिहिताना मध्येच "खरपतवार", "कीटनाशक", "छिड़काव", "बुआई", "फसल" टाकतात, लिपी एकच असल्यामुळे नजरेतून सुटतं. यांची यादी करून उत्तर बाहेर जाण्याआधी तपासा, सापडला शब्द की तण, कीटकनाशक, फवारणी, पेरणी, पीक.

आता आकडे. मॉडेलने सांगितलेला प्रत्येक आकडा उचललेल्या तुकड्यात आहे का हे कोडने बघायचं:

```python
def akde(t):
    return {float(x) for x in
            re.findall(r"\d+(?:\.\d+)?", saaf(t))}

def aagau(uttar, tukda, hishob=()):
    return akde(uttar) - akde(tukda) - set(hishob)
```

`aagau` मधून काहीही परत आलं तर उत्तर जाऊ द्यायचं नाही. हिशोब मॉडेलकडून नको, कोडकडून घ्या. १० लिटरला ३ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला ४.५, २० लिटरच्याला ६, हा आकडा कोडने काढून, पंपाच्या लिटरच्या आकड्यासकट, `hishob` मध्ये द्यायचा. याला मर्यादा आहे: "तीन मिली" असं अक्षरात लिहिलं तर पकडत नाही, आणि मिलीच्या जागी ग्रॅम झालं तरी पकडत नाही. म्हणून आकडे अंकातच लिहायला लावा आणि एकक वेगळं तपासा.

सावधान: "किती झाकणं टाकू" असं हमखास विचारतात. झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं, बॉटने झाकणात किंवा चमच्यात कधीच सांगायचं नाही. मापाचा कप वापरा एवढंच. बियाण्याची "बॅग" पण तशीच, सगळ्यांची सारख्या वजनाची नसते, किलोतच बोला.

## एक प्रश्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत

"सोयाबीनला आळी पडली पान चाळणी केले काय मारू." साफ झाला, "आळी" ची अळी झाली, पान चाळणी म्हणजे पाने खाणारी अळी हे यादीतून मिळालं. बॉटने विचारलं: अळी पाठ उंच करून चालते का, मीटरभर ओळीत किती आहेत, पंप कोणता आणि किती लिटरचा. उत्तर आलं: हो उंच करून चालते, पाच-सहा दिसतात, बॅटरीचा पंधरा लिटर. पाच-सहा अळ्या हे कागदातल्या फवारणीच्या मर्यादेशी जुळवून बघितलं, मर्यादा ओलांडलेली. कोडने हिशोब केला, ४.५. बाहेर गेलं ते असं:

"ही उंटअळी दिसतेय. अळ्या फवारायच्या मर्यादेच्या वर आहेत. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी घ्या. तुमच्या १५ लिटरच्या बॅटरी पंपाला ४.५ मिली टाका. मापाच्या कपाने मोजा. वारं शांत असताना फवारा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला." आणि खाली स्रोत, पान, वर्ष.

बियाण्याचा प्रश्न याहून सोपा वाटतो पण तिथेही बॉट घसरतो. "एकरी किती बी टाकू" ला सरळ ३० किलो सांगतो. ते ३० किलो उगवण ७० टक्के असेल तर. घरचं बी ६० टक्के उगवलं असेल तर ३५ लागतं. आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते विचारा, मग सांगा.

## टप्पा ७: टेस्ट शेतकऱ्यासोबत बसून

शंभर प्रश्न घ्या, त्यातले वीस टप्पा १ मधले उत्तर नसलेले. वीसच्या वीस ठिकाणी बॉट "माझ्याकडच्या कागदात नाही" म्हणाला पाहिजे. एका ठिकाणी जरी त्याने काही रचून सांगितलं तरी तो सुरू करायचा नाही. बाकीच्या ऐंशीत प्रत्येक चुकीचं कारण लिहा: तुकडा चुकीचा उचलला, की तुकडा बरोबर पण भाषा चुकली. पहिलं असेल तर टप्पा ४-५ कडे जा. तिथली चूक सूचना बदलून जात नाही, लोक मात्र आठ-आठ दिवस सूचनाच बदलत बसतात.

मग पाच-सहा सभासदांना बोलवा, त्यातल्या दोघांना वाचायची सवय नसलेली बरी, त्यांना उत्तर ऐकवा. "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता पंपात किती टाकणार, सांगा" असं विचारा. आमच्याकडे एका मावशींनी "मिली" च्या जागी सरळ "ग्रॅम" सांगितलं, कारण व्हॉइसमध्ये "मिली" नीट ऐकूच येत नव्हतं. त्यानंतर ऐकवण्याच्या उत्तरात "मिलिलिटर" असं पूर्ण केलं.

## टप्पा ८: हंगामाचं वेळापत्रक

मे महिन्यात बियाणं आणि बीजप्रक्रियेचे कागद तपासा, जूनच्या शेवटी तणनाशक, जुलैत किडी, सप्टेंबरमध्ये काढणी, ओलावा आणि हमीभाव. हमीभाव तर दर वर्षी बदलतो, २०२४-२५ ला ४,८९२ होता आणि २०२५-२६ ला ५,३२८, म्हणून तो तुकडा हंगाम संपला की आपोआप बंद होईल अशी तारीख त्यावर टाका. मुदत संपलेल्या तुकड्यावरून उत्तर द्यायचं नाही, ऑफिसचा नंबर द्यायचा.

आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, ज्याने टप्पा २ मध्ये कागदांना होकार दिला त्याच माणसाने त्या दिवशीची "कागदात नाही" वाली उत्तरं बघायची. जे तीनदा आलं त्याचा कागद शोधायचा, आणि कागद सापडेपर्यंत त्या शेतकऱ्यांना स्वतः फोन करायचा.